खुंटीवरची सवत

लग्न होऊन मी या घरात पाऊल टाकलं तेव्हा माझी सवत आधीच खुंटीवर टांगलेली होती. शिसवी खोड, दोन्ही अंगांना ताणलेली कातड्याची पुडी, खोडाभोवती पांढऱ्या सुताची दोरी, आणि वर माझ्या सासूच्या जुन्या लुगड्याचं पांघरूण. नवऱ्यानं मला आधी ती दाखवली, मग मोरी दाखवली.

माझा नवरा चंदू. पोलादपूरला हायवेच्या कडेला त्याचं पंक्चरचं दुकान आहे. कशेडी घाट उतरून आलेले आणि आंबेनळी चढून महाबळेश्वरला निघालेले, असे दोन्हीकडचे टायर त्याच्यापुढे येऊन बसतात, आणि चंदू दिवसभर उकिडवा बसून टॉमीच्या पहारीनं ते खोलतो. ट्रकचा टायर उचलताना तो श्वास कोंडतो आणि त्याच्या मानेच्या शिरा टरारून फुगतात. हे झालं त्याचं काम. त्याला स्वतःला विचारलंत तर तो सांगेल, ‘मी ढोलकीवाला.’ आमच्या वाडीच्या भीमगीतांच्या पार्टीत त्याचा हात आहे आणि त्या हाताला तालुक्यात तोड नाही, हे मी जळत जळत का होईना कबूल करते.

ही ढोलकी त्याच्या मालकीची नव्हे. पार्टी काढली ती काशीरामबाबांनी, आणि ढोलकी घेतली वाडीनं मिळून. वाद नको म्हणून बाबांनी नियम घालून दिला की वीस मार्चला महाडला चवदार तळ्यावर जो ढोलकी वाजवील, त्याच्या घरी ती पुढच्या वीस मार्चपर्यंत नांदेल. बाबा गेले, नियम राहिला. माझं लग्न झाल्यापासून ती दुसऱ्या कुणाच्या घरी गेलेली नाही. दर वर्षी वीस मार्चला संध्याकाळी माझा नवरा छाती काढून वाडीत शिरायचा, कडेवर पोर घ्यावं तशी तिला घेऊन, आणि मी मागून डब्यांची पिशवी सांभाळत चालायचे.

आता तुम्ही म्हणाल, लाकडा-कातड्याचा काय मत्सर करायचा! करून बघा. पावसाळ्यात माझ्या साड्यांना बुरशी आली तरी चालेल, तिच्या पुडीला ओल लागता कामा नये. घराची चावी एकच, ती त्याच्या करदोड्याला. गंडेदोरे, बाकी सगळं त्यानं सोडलं, करदोडा सुटला नाही तो त्या चावीसाठी. मी अंगणवाडीची सेविका, वाडीतल्या सगळ्या पोरांचं वजन माझ्या हातात, पण माझ्याच घरात शिरायला मला त्याची वाट बघावी लागायची. आणि सगळ्यात जास्त मला काय डाचायचं सांगू? मन भरून आलं, कुणाशी बिनसलं, अंगात कणकण आली, की तो तिला मांडीवर घेऊन बसायचा. मी चार हातांवर भाकरी थापत असायचे. मला कधी सांगितलं नाही की आज अमुक दुखतंय.

मग साहिल आला आणि आमच्या घरात दुसरा मत्सर राहायला आला.

साहिल बुद्धरत्नभावजींचा पुतण्या. बुद्धरत्न म्हणजे आमच्या पार्टीचे गायक आणि म्होरके, ग्रामपंचायतीत कारकून. हा पुतण्या नालासोपाऱ्याला एका बेंजो पार्टीत वाजवायचा. तिशी आली, बायको मानसीला गाव बरं वाटलं, म्हणून इको गाडी घेऊन परतला आणि पोलादपूर ते महाड भाडी मारू लागला. त्याचा हात हलका, बोटं वेगवान, आणि वर हसरा चेहरा. विहारात पहिल्यांदा त्यानं ढोलकीवर बोटं फिरवली तेव्हा बायका जेवायला उठल्या नाहीत. माझा नवरा घरी येऊन ताटावर बसला आणि म्हणाला, “बोटं नुसती पळतात त्याची. वजन हाय का हातात? वजन नाय.” त्या दिवशी त्यानं भाकरी अर्धी टाकली.

त्यापुढं साहिलचं नाव घरात चाललं नाही. ‘तो गाडीवाला’ म्हणायचं. गाडीवाल्यानं केस कापले, तरी ह्याच्या नाकाला मिरच्या झोंबायच्या. बुद्धरत्नभावजींनी एकदा सहज म्हटलं, “चंदूदादा, या वर्षी तळ्यावर दोन गाणी पोराला देऊ. तुलाबी जरा इसावा.” त्यावर हा दोन दिवस त्यांच्याशी बोलला नाही. मला मात्र आतून गुदगुल्या व्हायच्या. वाटायचं, जा बाई एकदाची त्या गाडीवाल्याच्या घरी, माझी भिंत मोकळी कर.

आता दुखण्याचं सांगते. ते काही त्या मार्चमध्ये आकाशातून पडलं नव्हतं. त्याला मूळव्याध होती हे मला अर्धं ठाऊक होतं, म्हणजे धुण्यात जेवढं दिसायचं तेवढं. पायजम्याला रक्ताचे डाग दिसले की मी विचारायचे आणि तो म्हणायचा, “उष्णता.” आधी नुसतं रक्त पडायचं. पुढं शौचाला बसला की कोंब बाहेर यायचा आणि आपोआप आत जायचा. मग आपोआप जाईना, बोटानं ढकलून बसवायला लागायचा. हे सगळं नंतर डॉक्टरीणबाईंपुढे त्याच्या तोंडून निघालं. मी शेजारी उभी राहून ऐकत होते, परक्या बाईसारखी. त्याचं बसकं काम, टायर उचलताना कुंथणं, पाणी प्यायचा आळस, ठेचा आणि सुकट, आणि संडासात तासभर बसून तोंडानं ताल घोकायची सवय. सगळं त्या दुखण्याच्या पथ्यावर पडलेलं. मी दवाखान्यात जाऊया म्हटलं की उत्तर ठरलेलं: “वीस तारीख जाऊ दे.”

एकोणीस मार्चला सकाळी तो संडासातून आला तो ताठ झालाच नाही. भिंतीला हात लावत आला. मी म्हटलं, “काय झालं ओ?” म्हणाला, “टायर उचलला काल, कंबर धरली.” चहा घेतला तोही उभ्यानं. मग मला म्हणाला, “तू जा अंगणवाडीत, पोरं येतील.” मी गेले. गेले, हे मला अजून खुपतं. त्याचा मला अजूनही राग येतो, माझ्यावर नव्हे, त्याच्यावर.

कारण मागं त्यानं काय केलं, तर स्वतःच्या धंद्याची अक्कल चालवली. टायरच्या चिरीतून ट्यूब बाहेर आली की दाबून आत बसवायची, ही एक अक्कल. ओलीनं पुडी सैल पडली की शेकायची, म्हणजे ती ताणून आवळते, ही दुसरी. कोंब बाहेर आला होता, रोजच्यापेक्षा मोठा, आणि आत जात नव्हता. ह्यानं दाबला. दुखून डोळ्यांपुढं अंधारी आली, तरी पुन्हा दाबला. जाईना, तेव्हा चुलीत वीट तापवली, फडक्यात गुंडाळली आणि तिच्यावर बसला. पुडीसारखं आवळेल म्हणून. त्यानंही जमेना, तेव्हा लंगोट करकचून बांधला, गोधडीची चौघडी काखेत मारली, माझ्या सवतीला कडेवर घेतलं आणि विहारात शेवटच्या तालमीला जाऊन बसला. का? तर आपण नाही गेलो तर गाडीवाला बसेल.

अंगणवाडी विहाराला लागूनच. मी पोरांना उसळ वाढत होते. गाणं सुरू झालं आणि दुसऱ्या कडव्याला माझा हात थांबला. डावी बाजू, ती खर्जातली धुम, पडतच नव्हती. उजवा हात एकटाच टणटणत होता. इतकी वर्षं त्या आवाजाचा दुस्वास केला, त्यामुळे त्याची नस न् नस मला पाठ आहे. मदतनीस कमळाबाईच्या हातात पळी दिली आणि धावले.

चंदू एका कुल्ल्यावर बसला होता. डावा तळवा जमिनीवर टेकून सगळं अंग त्यावर तोललेलं, कपाळावरून घाम चाललेला, चेहरा राखेसारखा. समोर साहिल, त्याचं लक्ष त्या डाव्या हाताकडे. गाणं थांबलं. साहिल पुढं सरकला आणि हळू म्हणाला, “काका, तबियत बरी नाय वाटत. मी धरू का जरा?” आणि ढोलकीला हात लावला.

“हात काढ,” माझा नवरा म्हणाला. “मी अजून मेलो नाय.”

मी त्याला उठवला. उठताना त्याच्या तोंडून जो आवाज निघाला तो मी, आता कामाला बाहेरगावी गेलेल्या, आमच्या पोरांच्या वेळी सुइणीच्या पुढ्यात काढला होता, तसला. घरी आणला तर ढोलकी घेऊन आत शिरला आणि मला बाहेर ठेवून कडी लावली. ढोलकी आत, मी बाहेर! माझा संयम संपला. दारावर लाथ घातली आणि म्हटलं, “तिला दाखवताय आन् मला नाय? उघडा, नायतर वाडी गोळा करते!”

कडी निघाली. तो पालथा पडला होता. मी लंगोट सोडला आणि पाहिलं.

लाज वाटावी असं काही नाही, म्हणून सांगते. शौचाच्या जागेभोवती सगळीकडून सुजलेलं मांस बाहेर आलेलं, जांभळ्या वांग्याच्या रंगाचं, ताणून चकाकणारं. एका बाजूला तर काळं पडत चाललेलं. आजूबाजूला विटेच्या चटक्यानं कातडी लाल झालेली. पदराचं टोक लागलं तरी तो किंचाळला. मी विचारलं, “लघवी?” म्हणाला, “सकाळधरनं नाय झाली. लागलीय पन होत नाय.”

त्या क्षणी मत्सर-बित्सर सगळं माझ्या डोक्यातून उडालं. वाडीत त्या वेळी गाडी एकच होती, साहिलची इको, विहारापुढं उभी.

“त्याच्या गाडीत मी बसणार नाय,” चंदू म्हणाला.

“बसायला सांगतंय कोण तुमाला?” मी म्हटलं. “पालथं पडायचंय!”

साहिलनं मधली सीट काढून गोधड्या पसरल्या. एवढं दुखत असताना, वाकून दुमडलेला असताना, दाराला कुलूप मात्र चंदूनं स्वतःच्या हातानं लावलं आणि चावी करदोड्याला अडकवली. साहिल बघत होता. उद्या त्याला ढोलकी लागणार होती आणि ती त्या कुलपाआड होती. तो काही बोलला नाही. बोलला असता तर मला बरं वाटलं असतं, शिव्या तरी घालता आल्या असत्या.

पोलादपूरच्या सरकारी दवाखान्यात डॉक्टर वैदेही म्हणून तरुण बाई होत्या. त्यांनी पडदा ओढला, कुशीवर वळवून पाहिलं, विचारलं. तेव्हा ती सगळी वर्षानुवर्षांची कथा बाहेर पडली, रक्त, कोंब, बोटानं ढकलणं, वीट. बाईंनी त्याला ओरडा दिला नाही. आधी दुखणं कमी व्हायचं इंजेक्शन दिलं, नळी घालून लघवी मोकळी केली, आणि ओल्या गॉजमध्ये गुंडाळून थंड पट्टी ठेवली.

“आता आत ढकला ना बाई,” चंदू म्हणाला. “उद्या दोन तास मला बसायचंय. मंग काय ते करा.”

“ही आता ढकलायची गोष्ट राहिली नाही,” त्या म्हणाल्या. मग माझ्याकडे वळून त्यांनी माझ्या बोटातली अंगठी धरली. “ताई, बोट सुजलं आणि अंगठी अडकली तर काय होतं? अंगठी बोट आवळते, रक्त येत राहतं पण परत फिरत नाही, म्हणून बोट आणखी सुजतं, आणि सुजतं म्हणून अंगठी आणखी आवळते. इथं तेच झालंय. शौचाच्या तोंडाशी आवळून धरणारा स्नायू असतो. त्यानं बाहेर आलेल्या कोंबांना आवळलंय. आत रक्ताच्या गाठी झाल्यात. एका बाजूचं मांस काळं पडतंय, म्हणजे तिथं रक्त पोचत नाहीये. जोरानं ढकललं तर फाटेल. असंच ठेवलं तर ते सडेल, पू होईल, आणि ते विष रक्तात पसरलं तर जिवावर बेतेल.”

“म्हंजे उद्यापर्यंत...” चंदूनं तोंड उघडलं.

“उद्या नाही, आज. आत्ता. महाडला सर्जन आहेत, मी फोन करते. तोंडात काही घालू नका, पाणीसुद्धा नाही, भूल द्यावी लागेल. सूज नुसती असती तर बर्फ आणि औषधांनी उतरवून पाहिलं असतं, भूल देऊन हलक्या हातानं आत बसवून पाहिलं असतं. पण काळं पडायला लागल्यावर वाट बघत नाहीत.”

सरकारी ॲम्ब्युलन्स घाटात कलंडलेल्या टेम्पोकडे गेली होती. बाई म्हणाल्या, तिची वाट बघू नका, आहे त्या गाडीनं निघा. म्हणजे पुन्हा गाडीवाला.

एकोणीस मार्चचा महाडचा रस्ता तुम्ही पाहिला असेल तर सांगायला नको. निळे झेंडे लावलेल्या गाड्या, बस, टेम्पो, पायी चालणारे जथे, सगळे तळ्याकडे. माझा नवरा दर वर्षी याच गर्दीतून जायचा, टेम्पोच्या टपावर ढोलकी वाजवत. आज तो पालथा पडून माझ्या मांडीत तोंड खुपसून होता, ओटीपोटाखाली उशी घालून कंबर उंच केलेली, बाईंनी सांगितली तशी. बाहेर कुठल्यातरी टेम्पोत ढोलकी घुमली की त्याची बोटं माझ्या गुडघ्यावर हलायची. माझ्या गुडघ्यावर! एवढ्या वर्षांत पहिल्यांदा. आणि तीसुद्धा दुसऱ्याच्या तालावर.

साहिल हॉर्न दाबत, पोलिसांना हात जोडत, काच खाली करून ओरडत होता, “पेशंट हाय दादा, सिरियस हाय, जरा साइड!” एका खड्ड्याला चंदू कळवळला आणि म्हणाला, “मुद्दाम घातली यानं.”

“काका,” साहिल म्हणाला, आरशात न बघता, “तुमी शिव्या द्या. पन जागं ऱ्हावा.”

महाडच्या सरकारी हॉस्पिटलात सर्जन आमोद सरांनी तपासलं आणि तेच सांगितलं, थोडक्यात. काळा पडलेला भाग आणि त्याबरोबरचे कोंब आजच काढायचे. कंबरेत भूल. शुद्धीत राहील, पण दुखणार नाही.

“साहेब, बसता कधी येईल?” चंदूनं विचारलं.

“खुर्चीत, मऊ उशीवर, लवकरच. जमिनीवर मांडी घालून तास-दोन तास? ते काही आठवड्यांनी बघू. पण आज नाही केलं तर मांडीचा प्रश्न राहणार नाही.”

चंदूनं भिंतीकडे तोंड फिरवलं. मला वाटलं घाबरला. पण त्याच्या पाठीवरून मला कळलं, तो रडत होता, आणि जिवासाठी रडत नव्हता. उद्या तळ्यावर त्याच्या बैठकीत दुसरा बसणार होता. मी त्या पाठीवर हात ठेवला आणि मला वेड्यासारखी त्या ढोलकीची असूया वाटली. मी मरायला टेकले असते तर हा असा रडला असता का? खरंच सांगते, त्या वेळी माझ्या डोक्यात हेच आलं.

ऑपरेशनला न्यायच्या आधी सिस्टर आल्या. अंगावरचं सगळं काढायचं म्हणाल्या. अंगठी, ताईत, करदोडा. चंदूनं कंबर दोन्ही हातांनी धरली.

“करदोडा नाय.”

“बाबा, तसं चालत नाही हो. सगळ्यांचाच काढतो.”

सिस्टरनी कात्री पुढं केली. चंदूनं त्यांच्या हातातून कात्री घेतली नाही, पण अडवलीही नाही. करदोडा कट्कन तुटला आणि चावी गादीवर पडली. ती त्यानं मुठीत धरली. स्ट्रेचर आलं तरी मूठ उघडेना. दारात साहिल उभा होता. त्याला निघायला हवं होतं, पार्टी त्याच्या गाडीची वाट बघत होती, उद्याची तयारी राहिली होती. पण चावीचं नाव त्यानं काढलं नाही. चंदूनं त्याच्याकडे बघितलं.

“सुंदरे,” मला म्हणाला, “ही घे.” आणि चावी माझ्या तळव्यावर ठेवली. गरम होती, घामेजलेली. “तुला काय करायचं ते कर. मला सांगू नको.”

स्ट्रेचर गेलं. आणि एवढी वर्षं जे मला हवं होतं, ते माझ्या तळव्यावर होतं. माझ्या घराची चावी. पुढं केली की सवत घराबाहेर. नाही केली तर वाडीची ढोलकी यंदा तळ्यावर वाजणार नाही, काशीरामबाबांची पार्टी ढोलकीवाचून उभी राहील.

साहिल म्हणाला, “काकी, मी माझा इलेक्ट्रिकचा ऑक्टोपॅड नेतो. चालंल. काकांची ढोलकी काकांच्या घरातच ऱ्हाऊ दे.”

झालं! मला मेलीला आता चांगुलपणाचाही मत्सर वाटायला लागला. मी चावी त्याच्या खिशात कोंबली आणि म्हटलं, “ने. नियम नियम हाय. आन् पांघरूण सासूचं हाय माझ्या, ते खुंटीवरच ठेव.”

ऑपरेशन नीट झालं. सरांनी सांगितलं, आणखी उशीर झाला असता तर आजूबाजूचंही काढावं लागलं असतं आणि मग शौचावरचा ताबा जायची भीती होती. चंदू कुशीवर झोपून होता. वीस तारखेला दुपारी बुद्धरत्नभावजींनी फोनवर गाण्याचा व्हिडिओ पाठवला. तळ्याची ती गर्दी, आमची पार्टी, आणि मधोमध साहिल. मी फोन चंदूच्या डोळ्यांपुढं धरला. त्यानं शेवटपर्यंत ऐकलं, पापणी न हलवता.

“तिसऱ्या कडव्याला घाई केली,” म्हणाला. मग थोड्या वेळानं, “बाकी वाजवतो.” आणि तोंडावर चादर ओढली. त्या दिवशीही तो जेवला नाही, पण ते डॉक्टरांनी पातळच खायला सांगितलं होतं म्हणून मी मनावर घेतलं नाही.

घरी आलो, साहिलनं परत दिलेल्या चावीनं मी दार उघडलं, तेव्हा खुंटी रिकामी होती. नुसतं लुगड्याचं पांघरूण लोंबत होतं. चंदूनं एकदा बघितलं आणि दुसऱ्यांदा बघितलं नाही. मी तिथं माझी पर्स टांगली. मोठ्या थाटात टांगली. वाटलं होतं जीव थंड होईल. झाला नाही.

घरात नवी व्यवस्था सुरू झाली. मोठा निळा, कडीवाला प्लॅस्टिकचा टब आणला. त्यात सोसवेल एवढं कोमट पाणी घालून त्याला शौचानंतर बसवायचं. शौच मऊ व्हायचं औषध, भरपूर पाणी, पालेभाजी, ठेचा बंद, संडासात ताल घोकणं बंद, टायर उचलणं बंद. पहिल्यांदा शौचाला बसला तेव्हा दाराबाहेर मी उभी होते आणि आतून हाक आली, “सुंदरे, लय दुखतंय गो.”

मी दाराला टेकले. लग्नाला एवढी वर्षं झाली, त्यानं मला ‘दुखतंय’ म्हणून कधी सांगितलं नव्हतं. आता रोज सांगायचा. आज रक्त किती, आज आग किती, आज संडास साफ झाली. जे गुज मी ढोलकीशी भांडून मागत होते ते मला मिळालं, आणि मिळालं ते हे! हसावं की रडावं कळेना. पण मी एकही दिवस चुकवला नाही.

मग एके दिवशी मानसी, साहिलची बायको, पोराला सोडायला अंगणवाडीत आली. टेकली आणि कुरकुरायला लागली. “काकी, ती ढोलकी म्हंजे घरात एक माणूसच झालंय. जेवायला बोलावलं तरी येत नाय हा. तिच्याशीच बसतो. माझ्या साड्या ठेवायला जागा नाय.”

मी तिचं पोर वजनकाट्यावर ठेवलं. आतून मात्र माझा तिळपापड झाला. कोण ही मेली माझ्या सवतीबद्दल कुरकुरणारी! इतकी वर्षं ती माझ्या भिंतीवर होती, कुरकुरायचा हक्क माझा. घरी गेले आणि खुंटीवरची पर्स काढून ट्रंकेत टाकली.

त्याच संध्याकाळी मी भाकरी थापत होते आणि पडवीतून आवाज आला. धुम. थांबून पुन्हा धुम. डोकावले तर चंदू उभा होता. मांडी घालून बसायला अजून मनाई, म्हणून उभा. निळा टब त्यानं ओट्यावर पालथा घातला होता आणि त्यावर वाजवत होता. प्लॅस्टिकवर बोटांना काय शोभा येणार, पण डाव्या हाताचं वजन ते तेच. अंगणापलीकडे रस्त्यावर इको थांबली. साहिल काच खाली करून ऐकत होता. त्याच्या घरात ढोलकी होती, तरी तो दुसऱ्याच्या अंगणातला टब ऐकायला थांबला होता. चेहऱ्यावर हसू नव्हतं. मी तो चेहरा ओळखला. भाकरी अर्धी टाकणाऱ्याचा चेहरा.

चंदूनंही ओळखला. त्या दुखण्यानंतर पहिल्यांदा त्याच्या अंगात असा आनंद आला की टब ओट्यावरून घसरायला लागला.

“पुरे,” मी म्हटलं. “टाके उसवतील. आत चला.”

तो आत आला, उशीवर बसला, भाकरी पूर्ण खाल्ली. मी टब धुतला, पुसला, कोरडा केला. मग सासूच्या लुगड्याचं पांघरूण झटकलं, टबावर घातलं, आणि टब खुंटीला टांगला.